मीटर राहिलं होतं

प्रश्न: यंदा पहिल्यांदाच गल्लीच्या गणेशोत्सवाचं सगळं माझ्याकडे आलंय. वर्गणी, मूर्ती, मांडव ठरलं आहे. नवख्या माणसाचं नक्की कुठे फसतं?

आमचं विजेच्या मीटरवर फसलं होतं. 2024 चं सांगतो, चतुर्थी 7 सप्टेंबरला, शनिवारी होती.

मी वहीत कामांची यादी केली होती. प्रत्येक कामापुढे तारीख आणि नाव. मूर्ती, मांडव, देखावा, साउंड, प्रसाद. शेवटून दुसरी ओळ होती, 'तात्पुरतं मीटर, 5 तारीख, मी'. मला वाटलं, अर्ज द्यायचा, पैसे भरायचे, माणूस येऊन मीटर लावून जाईल. मांडवाचा परवाना आणि वाहतूक पोलिसांचा ना हरकत दाखला मात्र मी वेळेत काढला होता, त्यामुळे जरा हवेतच होतो.

गुरुवारी, 5 तारखेला, वीज कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "टेस्ट रिपोर्ट कुठाय?" परवानाधारक ठेकेदाराने वायरिंग तपासून सही केलेला कागद. तो नसेल तर मीटर नाही. शिवाय अर्जात लोड लिहायचा होता आणि तो मला माहीतच नव्हता, कारण देखावेवाल्याने किती दिवे लावणार ते तोवर सांगितलं नव्हतं.

म्हणजे मीटर अडलं रिपोर्टवर, रिपोर्ट वायरिंगवर, वायरिंग मांडवावर आणि लोडचा आकडा देखावेवाल्यावर. मांडव 3 तारखेच्या रात्री उभा राहिला होता. आणि दरवर्षी लायटिंग करणारा आमचा दादा कामाला वाघ, पण त्याच्याकडे परवाना नव्हता.

बाहेर येऊन पायरीवर बसूनच हिशोब केला. हॅलोजन 500 वॅटचे चार म्हणजे 2 किलोवॅट, एलईडी दिवे 1.8, साउंड 2, पंखे आणि माळा 0.7, देखाव्याची एक हॉर्सपॉवरची मोटर 0.75. एकूण सव्वासात किलोवॅट, म्हणजे 230 व्होल्टला साधारण 31 अँपियर. शेजारचे काका म्हणाले, "आमच्या हॉलमधून वायर ओढा की." त्यांच्या हॉलमधलं सॉकेट 16 अँपियरचं, आणि घरगुती मीटरवरून मांडवाला वीज देणं नियमातही बसत नाही. जनरेटरसाठी चार फोन केले, सगळे बुक.

संध्याकाळी परवानाधारक ठेकेदार आले. मांडवाभोवती एक फेरी मारली आणि सही करायला नकार दिला. वायरी लोखंडी पाइपांना तारेने बांधलेल्या, जोड नुसत्या काळ्या टेपचे, अर्थिंग नाही. "पाऊस आला आणि पोराने पाइपला हात लावला तर?" एवढंच म्हणाले. मला राग आला होता, पण बोलणार काय?

त्यांनीच मग वाट काढून दिली. देखावा पूर्ण व्हायची गरज नव्हती. मेन बोर्ड, वीज गळाली की आपोआप पुरवठा तोडणारी 30 मिलीअँपियरची ईएलसीबी, अर्थिंग आणि तिथून निघणाऱ्या लाइनी एवढ्या धड असल्या तर तपासणी होते, आरास नंतर चालू दे. हे मला आठवडाभर आधी कळलं असतं तर मांडवाचा पहिला खांब रोवल्यावरच बोर्ड लावून टाकला असता. रात्री आम्ही पोरांनी खड्डा खणून अर्थिंगचा रॉड पुरला, वायरी पाइपांवरून सोडवून लाकडी पट्ट्यांवर घेतल्या आणि ठेकेदारांच्या छोट्या जनरेटरवर एकेक लाइन लावून बघायला घेतली.

ईएलसीबीचा खटका पडायचा. वर केला की परत पडायचा. दादा म्हणाला, "ही खराब आहे, हिला बायपास करू." ठेकेदारांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायला गेला. मग सगळे प्लग काढले आणि एकेक लावत गेलो. तिसरा हॅलोजन लावला की खटका. दुपारच्या सरीत त्याचा जोड भिजला होता. टेप सोडली तर आतून पाण्याचा थेंबच पडला. म्हणजे ईएलसीबी तिचं काम चोख करत होती. तिन्ही बाजूंनी उघड्यावरचे जोड कापून बंद डब्यांत घेतले आणि चारही हॅलोजन काढून टाकले. लोड सव्वापाचवर आला.

शुक्रवारी सकाळी सही मिळाली, दुपारी अनामत भरली, संध्याकाळी साडेसातला वायरमनने मीटर जोडलं. त्याच वेळी मूर्ती कोपऱ्यावर आली होती आणि ढोल सुरू झाले होते.

तुमच्या यादीत तारखेशेजारी 'आधी काय हवं' असा रकाना पाडा आणि आज रात्रीच मीटरची ओळ भरायला घ्या. लोडचा आकडा देखावेवाल्याकडून लेखी घ्या, आणि लायटिंगवाल्याला परवाना आहे का ते आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. आमचे ते चार हॅलोजन अजून काकांच्या माळ्यावर आहेत. हवे असतील तर घेऊन जा.