हेतू, कार्य की प्रकार्य?

"मी इंदूरला समाजशास्त्रात एम.ए. करतेय. तीन सिद्धांतांचा तक्ता मराठीत करताना पहिल्या ओळीत लिहिलं, 'प्रत्येक प्रथेचा हेतू समाज टिकवणे हा असतो.' हिंदी पुस्तकात 'प्रकार्य' आहे. 'हेतू' चालेल का?"

नाही चालणार. हेतू कुणाच्या तरी मनात असतो. "हेतू चांगला होता, पण झालं भलतंच" असं आपण म्हणतो, तेव्हा मनातलं आणि घडलेलं वेगळं धरतो. पहिल्या सिद्धांताला, म्हणजे प्रकार्यवादाला, म्हणायचंय ते घडलेल्याबद्दल: प्रथेमुळे समाजात प्रत्यक्ष जे घडतं, ते तिचं प्रकार्य.

चैत्रातलं हळदीकुंकू घ्या. राजवाड्याजवळच्या एखाद्या घरी गौर मांडली, आंब्याची डाळ आणि पन्हं झालं, बायका जमल्या. गौरीची पूजा आणि सवाष्णींचा मान हा यजमानीणबाईंचा हेतू. पण जाताजाता कुणाची मुलगी लग्नाची आहे, कोण नव्यानं राहायला आलंय हे सगळ्यांना कळतं आणि शहरभर विखुरलेली मराठी घरं एकमेकांना धरून राहतात. हे कुणी ठरवून करत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टननं १९४९मध्ये नेमका हाच फरक केला: योजलेलं आणि ओळखलेलं ते प्रकट प्रकार्य, न योजलेलं आणि न ओळखलेलं ते सुप्त प्रकार्य.

'कार्य' हा शब्द बरोबर आहे, पण "आमच्याकडे कार्य आहे" म्हटलं की आपल्याला लग्न-मुंज आठवते. 'हळदीकुंकवाचं कार्य' वाचणारा तिथेच अडखळेल. म्हणून इथे 'प्रकार्य' घ्यावं असं माझं मत. हिंदीतून आला म्हणून तो परका नाही. मराठी समाजशास्त्रातही 'प्रकार्यवाद' रूढ आहे.

| सिद्धांत | मुख्य दावा | मुख्य टीका |
|---|---|---|
| प्रकार्यवाद | प्रथांची प्रकार्ये समाज टिकवतात | परिणामालाच कारण ठरवतो. बदल नीट उलगडत नाही |
| संघर्ष सिद्धांत | नियम वरचढ गटाच्या सोयीचे असतात | सहमती आणि स्थैर्य यांना कमी लेखतो |
| प्रतीकात्मक आंतरक्रियावाद | माणसं परस्परांशी वागताना अर्थ घडवतात | सत्ता आणि मोठ्या संस्था नजरेतून सुटतात |

आता पहिल्या ओळीतली टीका पाहा. हळदीकुंकवामुळे ओळखी टिकतात, एवढ्यावरून ते सुरू का झालं हे सिद्ध होत नाही. दाव्यातच 'हेतू' लिहिलात, तर टीकाकार जी चूक दाखवतो ती तुम्ही आधीच सिद्धांताच्या तोंडी घातलेली असते आणि मर्टनसारख्यावर अन्याय होतो. त्यानं तर अपकार्याचीही दखल घेतली: एकाला जोडणारी प्रथा दुसऱ्याला तोडू शकते. विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणं हे त्याचं ढळढळीत उदाहरण. संघर्ष सिद्धांत इथूनच सुरुवात करतो, कारण कोण आलं यापेक्षा कुणाला वगळलं आणि तो नियम कुणाच्या सोयीचा, हे त्याला विचारायचं असतं. तिसरा सिद्धांत त्याहून जवळ जातो. एखाद्या घरी विधवा जावेच्या कपाळी आवर्जून कुंकू लावलं, तर त्या दोघींसाठी आणि पाहणाऱ्यांसाठी त्या कुंकवाचा अर्थ तिथेच बदलू लागतो.

तेव्हा ओळ अशी करा: 'प्रथांची प्रकार्ये, योजलेली असोत वा नसोत, समाज टिकवायला हातभार लावतात.'