रात्रीच्या व्हिडिओतले रंगीत डाग जावेत, पण चेहरा मेणाचा होऊ नये

प्रश्न: रात्री मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत दाणे आणि लाल-हिरवे डाग दिसतात. ॲपमधून नॉइज काढला की माणसं मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसतात. मधलं काही जमतं का?

जमतं. फक्त दाणे आणि रंगीत डाग या दोघांना एकाच स्लायडरने मारायचं नाही. रंगीत डागांवर जोरात हात चालवायचा आणि उजेडातल्या दाण्यांना जेमतेम स्पर्श करायचा, एवढ्यावर बरंचसं काम होतं. मी सोलापुरात लग्नाचे आणि घरगुती कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करतो. गिऱ्हाईक मोबाइलवरची रात्रीची क्लिप घेऊन येतं, तेव्हा दहातल्या आठ वेळा दुखणं हेच असतं.

व्हिडिओत प्रत्येक ठिपक्याचा उजेड एका थरात साठवलेला असतो आणि रंग आणखी दोन थरांत. मोबाइलच्या नेहमीच्या फाइलमध्ये रंगाचे थर उभे-आडवे दोन्हीकडून निम्म्या मापाचे असतात, कारण आपल्या डोळ्याला रंगातला बारकावा फारसा कळत नाही. त्वचेची छिद्रं, भुवईचे केस, डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या हे सगळं जवळपास उजेडाच्याच थरात असतं. म्हणून रंगाचे थर बऱ्यापैकी घोटून काढले तरी चेहऱ्याचं काही बिघडत नाही. उजेडाचा थर घोटला की मात्र मेण झालंच म्हणून समजा. बहुतेक ॲपमधलं 'नॉइज' नावाचं एकच बटण तिन्ही थरांना सारखंच घासतं, तिथेच घोळ होतो.

दुसरं कारण असं की बहुतेक ॲप एकाच फ्रेममधले शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. छिद्रही दोन-तीन ठिपक्यांचं आणि नॉइजचा दाणाही तेवढाच, मग यंत्राला फरक कळणार कसा? वेळेच्या अंगाने पाहिलं तर मात्र कळतो. दाणा प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतो, छिद्र चेहऱ्यासोबतच राहतं. एकाच जागेच्या 5 फ्रेमची सरासरी घेतली तर दाणे साधारण सव्वादोन पटीने कमी होतात, 9 फ्रेमची घेतली तर तीन पटीने. फ्रेमच्या आकड्याचं वर्गमूळ, एवढाच हिशोब आहे. म्हणजे 5 च्या पुढे कमाई कमी आणि हलणाऱ्या वस्तूंची सावली मागे राहण्याचा धोका जास्त.

आता खरं उदाहरण सांगतो. गेल्या थंडीत गावाकडे आत्या कडक भाकरी करत होत्या, ते मी मोबाइलवर काढलं. रात्रीची वेळ, डोक्यावर एक एलईडी बल्ब आणि समोर चूल. काठवटीत मालदांडीचं पीठ, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर लावलं तर मागची सारवलेली भिंत जांभळ्या-हिरव्या ढगांनी भरलेली आणि आत्यांच्या गालावरही तेच ढग तरंगत होते. चुलीच्या उजेडात निळा रंग फारच कमी असतो. फोन रंगांचा तोल साधायला निळा वाढवतो आणि त्याच्याबरोबर निळ्यातला नॉइजही वाढतो. निळा रंग कुठे किती हे सांगणारा थर एकटा काढून बघायला संगणकाच्या टर्मिनलमध्ये ffmpeg नावाच्या प्रोग्रॅमची ही एक ओळ चालवा:

```
ffplay -vf extractplanes=u bhakri.mp4
```

इथे सपाट राखाडी चित्र दिसायला हवं. त्यात पोपडे आल्यासारखे डाग फ्रेमगणिक सरकताना दिसले तर रोग रंगात आहे. मग उजेडाचा थर विनाकारण घासू नका. `u` च्या जागी `y` घालून उजेडाचा थर बघितला की दाणे नेमके किती आहेत तेही कळतं. माझ्या क्लिपमध्ये `y` बराच बरा होता, सगळी घाण `u` मध्ये होती.

ffmpeg फुकट आहे, म्हणून त्यातच सांगतो. DaVinci Resolve या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत नॉइज काढायची सोय नाही. पैशाच्या Studio आवृत्तीत आहे आणि तिथे Luma म्हणजे उजेड आणि Chroma म्हणजे रंग यांच्यामधली साखळी तोडली की हेच काम होतं. मी शेवटी वापरलेली ओळ ही:

```
ffmpeg -i bhakri.mp4 -vf "hqdn3d=0.1:7:0.1:5,atadenoise=0a=0.03:0b=0.06:s=5:p=1" -c:v libx264 -crf 17 -preset slow -c:a copy saaf.mp4
```

`hqdn3d` चे चार आकडे क्रमाने असे: उजेडाची जागेतली सफाई, रंगाची जागेतली सफाई, उजेडाची वेळेतली, रंगाची वेळेतली. मला या फिल्टरने उजेडाला हातच लावायचा नव्हता, म्हणून पहिल्यांदा मी तिथे 0 टाकला आणि आत्यांचा चेहरा पार गुळगुळीत होऊन बाहेर आला. अर्धा तास फोनलाच शिव्या घातल्या. नंतर कळलं की या फिल्टरला 0 म्हणजे 'बंद' नाही, 'काही सांगितलेलं नाही' असं वाटतं, आणि तो स्वतःचा ठरलेला 4 घेऊन कामाला लागतो. म्हणून 0.1. एवढ्याने काहीच होत नाही आणि आपल्याला तेच हवंय.

रंगाचा वेळेतला आकडा आधी 12 ठेवला होता. भिंत स्वच्छ झाली, पण भाकरी थापताना बांगड्यांमागे हिरवट शेपूट ओढलं जायला लागलं. 5 वर आणल्यावर ते गेलं. रंगाचा जागेतला आकडा जास्त झाला की कुंकवाकडे बघा: त्याची कड फिकी होऊन कपाळावर गुलाबी झाक पसरते. 7 वर कुंकू जागच्या जागी राहिलं. तुमच्या क्लिपमध्ये कुंकू-बांगड्या नसतील तर लाल ओठ, साडीचा काठ, काहीतरी भडक आणि हलणारं शोधा आणि त्याच्यावर नजर ठेवूनच आकडा वाढवा.

दुसरा फिल्टर `atadenoise` फक्त उजेडावर चालतो, `p=1` चा अर्थ तोच. तो एका फ्रेममधले शेजारचे ठिपके मिसळत नाही. मागच्या दोन आणि पुढच्या दोन फ्रेममध्ये त्याच जागेवर काय होतं ते बघतो. फरक थोडा असेल तर सरासरी घेतो आणि जास्त असेल तर 'इथे काहीतरी हललं' म्हणून सोडून देतो. किती फरक चालेल ते `0a` आणि `0b` ठरवतात. मूळचे आकडे 0.02 आणि 0.04 आहेत. त्यावर माझ्या भिंतीतले मोठे दाणे हलणाऱ्या वस्तूच समजले गेले आणि तसेच राहिले. 0.05 केल्यावर दाणे गेले, पण एक नवीन गंमत झाली. पिठाने पांढरे झालेले तळवे आणि त्याखालची पांढरी भाकरी यांच्या उजेडात फरकच थोडा, त्यामुळे फिल्टरला हात हललाय हे कळेना आणि बोटं भाकरीत विरघळल्यासारखी दिसायला लागली. मागे काळा तवा असताना तीच बोटं ठणठणीत. म्हणून 0.03 वर थांबलो. थोडे दाणे राहिले ते राहू दिले.

आता मेण झालं की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. चार वेळा बघितल्यावर डोळ्याला काहीही चांगलं दिसायला लागतं. मूळ आणि साफ केलेली क्लिप एकमेकांतून वजा करा:

```
ffmpeg -i bhakri.mp4 -i saaf.mp4 -filter_complex "[0:v][1:v]blend=all_mode=grainextract,eq=contrast=4" farak.mp4
```

राखाडी पडद्यावर तुम्ही काय काय काढून टाकलंत ते दिसतं. नुसती वळवळणारी वाळू दिसली तर ठीक. त्यात चेहऱ्याचा आकार, सुरकुत्या किंवा भुवई ओळखू यायला लागली तर तुम्ही नॉइजच्या नावाखाली त्वचा काढताय. माझ्या 0 वाल्या चुकीच्या क्लिपमध्ये आत्यांच्या डोळ्याच्या कडेच्या रेषा यात कोरल्यासारख्या दिसत होत्या. शेवटच्या क्लिपमध्ये चेहऱ्याच्या जागी वाळू होती. हाताच्या कडा मात्र अजून पुसट दिसत होत्या. तेवढं मी चालवून घेतलं.

क्लिप उजळायची असेल तर आधी हे सगळं आणि मग उजळणं. आधी उजळली की दाण्यांचे फरकही वाढतात आणि वरचे आकडे कामाचे राहत नाहीत. एवढं करूनही गाल जरा जास्तच साफ वाटले तर वजाबाकीची तपासणी उरकल्यावर फिल्टरच्या ओळीत शेवटी, बंद होणाऱ्या अवतरण चिन्हाच्या आधी, स्वल्पविराम देऊन `noise=c0s=3:c0f=t` जोडा. याने फक्त उजेडात बारीक, फ्रेमगणिक बदलणारा दाणा पडतो आणि चेहरा पुन्हा माणसाचा वाटतो. काढलेला नॉइज परत घालणं वेडेपणा वाटेल, पण फोनचा ओबडधोबड दाणा वेगळा आणि हा बारीक, एकसारखा दाणा वेगळा.

पुढच्या वेळी शूट करताना 30 किंवा 25 फ्रेमवर काढा, 60 वर नको, कारण 60 ला प्रत्येक फ्रेमला उजेड कमी मिळतो. शटर हाताने ठेवता येत असेल तर 1/50 ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे बल्ब फडफडतानाही दिसणार नाही. झूम न करता 1x च्या मुख्य लेन्सवरच जवळ जा. आणि ब्यूटी मोड बंद करा. तो बऱ्याच फोनमध्ये न सांगता चालू असतो.

काही क्लिप याने सुधारत नाहीत. फोन स्वतःच रेकॉर्डिंग करताना नॉइज घासत असतो आणि स्वस्त फोन जरा जास्तच घासतात. हात लावायच्या आधी मूळ फाइल 200 टक्क्यांवर उघडून भुवई बघा. तिथे केस सुटे दिसत नसतील, नुसता तपकिरी पट्टा असेल, तर मेण फोननेच लावलंय. अशा क्लिपमध्ये `atadenoise` वगळा, फक्त रंग साफ करा आणि शेवटी तो बारीक दाणा घाला. गेलेली त्वचा परत येत नाही.

तुमची क्लिप दाखवायची असेल तर 10 सेकंदांचा तुकडा द्या, पण फोनमधली मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फाइलमध्ये दाण्यांच्या जागी चौकोनी ठोकळे झालेले असतात, त्यावर वरचा एकही आकडा लागू होत नाही.