मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय. फी एफडी मोडून भरू, बँकेचं शैक्षणिक कर्ज काढू की सोनं गहाण ठेवू?

चार वर्षांच्या फीसाठी सोनं गहाण ठेवू नका. माझ्या सासूबाईंच्या पाटल्या आणि गोठ असेच गेले, म्हणून लिहायला बसले.

२०१६ साली मोठ्या मुलाचा प्रवेश झाला. घरात एकच धोशा, "बँकेचं कर्ज डोक्यावर नको, सोनं पडूनच आहे." मूल्यमापकाने दागिने कसोटीवर घासले, गोठांतल्या लाखेचं वजन वजा केलं. निव्वळ सोनं सात तोळ्यांच्या वर भरलं, त्यावर दीड लाख मिळाले. व्याज १२ टक्के, मुदत एक वर्ष, मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम. त्या दिवशी सगळ्यांना हे फार सोपं वाटलं.

वर्ष संपलं तेव्हा १,६८,००० भरायचे होते आणि दुसऱ्या वर्षाची फीही दारात उभी होती. आम्ही अठरा हजार व्याज भरून नवं-जुनं केलं. मुद्दल जिथल्या तिथे. तिसऱ्या वर्षी व्याजालाही पैसे उरले नाहीत. आम्ही घर बदललं होतं, लिलावाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. व्याज, दंडव्याज आणि खर्च कापून तीसेक हजार परत आले. मुलगा तेव्हा तिसऱ्या वर्षाला होता, कमावता व्हायला अजून दोन वर्षं होती. सोन्याची मुदत वर्षाची आणि शिक्षण चार वर्षांचं, इथेच सगळं फसलं.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. धाकटीच्या वेळी मी हट्टाने तेच काढलं. वर्षाला एक लाख, व्याज १० टक्के धरा. पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये व्याज, चौथ्या वर्षी ३,३३३. हे व्याज मी दरमहा भरत गेले. भरलं नसतं तर हप्ता सुरू होईपर्यंत १,४०,००० साचलं असतं.

आमच्याकडे अजूनही म्हणतात, "दागिने गेले, पण कर्ज तरी झालं नाही." अहो, गहाण हेही कर्जच होतं! आईंना विचारलंसुद्धा नव्हतं कुणी.

सोनं एकाच कामाला ठेवा. कॅप राउंडमध्ये जागा मिळाली की प्रवेश निश्चित करायला थोडेच दिवस असतात आणि बँकेची मंजुरी त्यात येईलच असं नाही. तेवढ्यापुरतं थोडं सोनं ठेवून फी भरा, पण भरलेल्या फीची पावती दाखवल्यावर बँक ते पैसे देईल का, हे आधी विचारून घ्या. एफडी मोडण्याआधी तिच्यावरच कर्ज मिळतं का बघा, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं. सहा महिन्यांच्या घरखर्चाला मात्र हात लावू नका.

एक राहिलंच. शैक्षणिक कर्जावर पालकांचीही सही असते. मुलीची नोकरी लांबली तर बँक तुमच्याकडेच येणार. आणि व्याजावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते.