'अपेक्षा', 'जोयजे' आणि 'चालेल'

प्रश्न : मुलगी बघायला गेल्यावर दोघांना दहा-पंधरा मिनिटं बोलायला देतात, तेव्हा 'तुमच्या अपेक्षा काय आहेत' असं विचारताना मला फार अवघडतं, आणि समोरून पण 'तसं विशेष काही नाही' एवढंच येतं. या शब्दातच काही आहे का? दुसरं काय म्हणता येईल?

शब्दातच आहे, बरंचसं. 'अपेक्षा' मधला मूळ धातू 'ईक्ष्', म्हणजे बघणं. परीक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा ही सगळी त्याच घरातली भावंडं. आपलं 'हिच्यापेक्षा ती' मधलं 'पेक्षा' पण अपेक्षाचंच झिजलेलं रूप आहे. हे कोणी डोक्यात ठेवून बोलत नाही, पण बायोडेटात 'अपेक्षा' चा रकाना असतो आणि त्यात निर्व्यसनी, सुशिक्षित, समजूतदार हेच लिहिलेलं असतं, त्यामुळे तो शब्द कानावर पडला की समोरचा माणूस रकाना भरल्यासारखंच उत्तर देतो. 'विशेष काही नाही' हे त्यातलंच.

गंमत म्हणजे 'पाहिजे' सुद्धा 'पाहणे' वरूनच आलंय, ते जुन्या मराठीतलं कर्मणी रूप आहे. आणि आपल्या अहिराणीत 'जोयजे' म्हणतात ना, त्याचं नातं गुजराती 'जोईए' शी, ते 'जोवुं' म्हणजे बघणं यावरून. म्हणजे तिन्हीकडे बघणंच! पण 'तुमले काय जोयजे?' हे रोजच्या जेवणाखाण्यातलं वाक्य आहे, त्याला उत्तर देताना माणूस रकान्यात शिरत नाही, खरंच काय हवंय ते सांगतो. प्रमाण मराठीत तेवढं मोकळं मला 'माझं असं आहे की...' हे वाटतं. आधी आपलं सांगायचं आणि मग 'तुमचं कसं आहे?' विचारायचं.

पण माझ्या मते खरी अडचण 'अपेक्षा' पेक्षा 'चालेल' ने होते. आमच्या आतेभावाचं सांगतो, तो अमळनेरचा, मुलगी धुळ्याची, तिथल्याच एका शाळेत शिक्षिका. पोहे झाले, दोघांना गच्चीवर पाठवलं. तिने विचारलं, 'लग्नानंतर नोकरी केली तर चालेल ना?' हा म्हणाला, 'चालेल ना, काहीच हरकत नाही.' साखरपुड्याच्या दिवशी आत्याने सहज विचारलं की राजीनामा कधी देतेस, आणि मुलगी गप्पच झाली. तिच्या मनात रोज सकाळच्या बसने धुळ्याला जायचं होतं, आणि ह्याच्या मनात अमळनेरात पुढेमागे एखादी शाळा मिळाली तर बघू. खोटं कोणीच बोललं नव्हतं. 'मला चालेल' याचा अर्थ माझी ना नाही एवढाच होतो, त्यात मला ते हवंय असं कुठेच नाही, आणि किती चालेल, कुठवर चालेल हे तर अजिबातच नाही.

म्हणून चालेल ऐकलं की प्रश्न उलटा करून बघायचा, 'आणि नोकरी सोडली तर?' दोन्ही बाजूंना 'चालेल' च आलं तर ते सौजन्य आहे, उत्तर अजून आलेलं नाही असं समजायचं. मात्र उलटा प्रश्न शांतपणे आणि एकदाच विचारायचा, दोनदा विचारला की उलटतपासणी होते.

त्या गच्चीवर खरं वाक्य असं जमलं असतं : 'माझी शाळा धुळ्याला आहे, मी ती सोडणार नाहीये, बस सकाळी लवकर असते. तुमच्याकडे सकाळी घरात कसं असतं?' यात कुठेच उद्धटपणा नाही, कारण पहिलं वाक्य स्वतःबद्दल आहे आणि दुसरं त्यांच्या घराबद्दलचा साधा प्रश्न. त्यावर ह्याला पण सांगता आलं असतं की आईचे गुडघे दुखतात, सकाळी कोणीतरी लागतं, आपण पोळ्यांना बाई लावू शकतो का. 'सोडणार नाही' आणि 'सोडायची इच्छा नाही' यातला फरक पण लक्षात घ्या, दुसऱ्यात समोरच्याला घासाघीस करायला जागा दिसते, तेव्हा जागा नसेल तर पहिलंच म्हणा.

संबोधन 'तुम्ही' च ठेवा, मुलगी वयाने लहान असली तरी. मोठी माणसं तिला 'तू' म्हणतील, ते त्यांचं नातं. आणि 'आपण' जपून वापरा. 'आपण काय करता' मध्ये आदर आहे, पण 'आपण पुण्यालाच राहू' म्हटलं की तिला न विचारताच तिला त्यात धरलंत, तिथे 'मी पुण्याला राहतो, पुढेही तिथेच राहीन' एवढंच म्हणायचं.

आतेभावाचं लग्न झालं, पण साखरपुड्यानंतर दोन आठवडे दोन्ही घरांतून फोन चालले होते, आणि सगळ्यांच्या बोलण्यात एकच वाक्य, 'पण तुम्हीच तर चालेल म्हणाला होतात.'