१९९५ मधे ब्लर आणि ओएसिस या इंग्लिश बँडच्या भांडणात नक्की जिंकलं कोण?

त्या आठवड्यापुरतं ब्लर, पण पुढे अल्बमच्या विक्रीत ओएसिसनी त्यांना पार मागे टाकलं. १४ ऑगस्ट १९९५ ला दोघांची सिंगल्स एकाच दिवशी आली, ब्लरनी आपली तारीख मुद्दाम हलवली होती, आणि चार्टचे आकडे आले तेव्हा ब्लर साधारण २,७४,००० तर ओएसिस २,१६,००० कॉप्या. त्यातही ब्लरचं सिंगल दोन वेगवेगळ्या सीडींवर होतं, म्हणजे पक्के फॅन दोन्ही घेणार, त्यामुळे हा आकडा जरा जपूनच धरा. पेपरवाल्यांनी लंडनची मिडल क्लास पोरं विरुद्ध मँचेस्टरची कामगार पोरं असा रंग दिला म्हणून बातमी टीव्हीपर्यंत गेली, नाहीतर त्यात नवं काही नव्हतं, अमेरिकन ग्रंज रॉकच्या लाटेनंतर इंग्लंडमधे गिटार पॉप परत आणायचं काम स्वेड या बँडनी १९९३ मधेच सुरू केलं होतं.