कडेचे खिळे तिरके का उमटतात?

प्रश्न: इंदूरच्या राजवाड्यासारखा खिळ्यांचा दरवाजा गेमसाठी करतोय. बारीक हाय-पॉली मॉडेलचे तपशील साध्या लो-पॉलीवर बेक केल्यावर मधले खिळे सरळ, कडेचे तिरके दिसतात आणि गोल खांबाची वरची कड लाटांसारखी येते. किरण जिथून निघतात तो केज मोठा केला, फरक नाही.

उत्तर: केज मोठा केल्याने किरण लांबून निघतात, पण दिशा तीच राहते. ही दिशा लो-पॉलीच्या सरासरी नॉर्मलवरून, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे त्यावरून ठरते. तुमच्या दरवाज्याच्या फळीला बहुधा आठच शिरोबिंदू असतील. कोपऱ्यांतले नॉर्मल बाहेर कललेले, म्हणून कडेजवळचा किरण खिळ्यावर तिरका पडतो.

ब्लेंडरमध्ये दरवाज्याचा पुढचा चेहरा निवडून `I` दाबा आणि कडेपासून थोड्याच अंतरावर इनसेट द्या, कडेचे खिळे आत येतील इतपत. इनसेटच्या आतले नॉर्मल सरळ होतात, तिरकेपणा बाहेरच्या बारीक पट्टीत अडकतो. बेकनंतर मात्र इनसेटची ती जाळी काढू नका, शेडिंग बिघडतं. मीही एकदा पॉलिगॉन वाचवायला काढली होती. अख्खी संध्याकाळ गेली. मार्मोसेट टूलबॅग असेल तर स्क्यू, म्हणजे किरणांचा तिरकेपणा, रंगवून त्या जाळीशिवायही भागतं.

कडा हार्ड करून, म्हणजे दोन्ही बाजूंचे नॉर्मल वेगळे ठेवून, कडेला किरणही तोडले तर खिळे सरळ येतील, पण कडेवर फट दिसेल.

खांबाचं दुखणं वेगळं. आठ बाजूंच्या खांबात प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळापासून त्रिज्येच्या सुमारे 7.6 टक्के आत असतो, कोपरा मात्र वर्तुळावर. अंतर असं कमीजास्त झालं की तिरके किरण कडेला वरखाली भेटतात, तीच लाट. सोळा बाजू करा, फरक 1.9 टक्क्यांवर येतो.