शंभरातल्या एकशेतीन

"मॅडम, १ ते १०० मधली एक संख्या कशीही उचलली, तर तिला २, ३, ५ यांपैकी कशानेच भाग न जाण्याची संभाव्यता काढायची आहे. भाग जाणाऱ्या मोजल्या तर १०३ होतात! शंभरात १०३ कशा? कधी मिळवायचं, कधी वजा करायचं, हे पाठ करूनही उलटंच होतं. मैत्रीण नुसता गुणाकार करते, तिचं उत्तर आणखी वेगळं. मला संभाव्यता जमणारच नाही का?"

परीक्षा जवळ आली की अकरावी-बारावीची मुलं हेच घेऊन माझ्यासमोर बसतात, फक्त आकडे बदलतात. अशा वेळी आधी धीर द्यायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. भीती अख्ख्या विषयाची वाटली तरी ती वहीतल्या एखाद्याच ओळीत अडकलेली असते. म्हणून आमच्या पहिल्या दोन भेटी मी या मुलीची वही वाचण्यात घालवल्या.

वहीत ५० + ३३ + २० = १०३ असं लिहून त्यावर कागद फाटेपर्यंत काट मारली होती.

"का खोडलंस?"

"चुकलंय ना."

"बेरीज चुकली की भागाकार?"

तिनं दोन्ही तपासलं. काहीच चुकलं नव्हतं. ती जास्तच गोंधळली.

एरवी इथे तीन वर्तुळं काढून दाखवतात. मीही पूर्वी काढायचे. पण ती वर्तुळं तिनं वर्गात खूपदा पाहिली होती आणि उपयोग झाला नव्हता. मी तिला एकच संख्या धरायला सांगितली.

"तुझ्या १०३ मध्ये ३० किती वेळा आली?"

"दोनाच्या यादीत एकदा, तीनाच्या यादीत... तीनदा आली."

"१२?"

"दोनदा. आणि १४ एकदाच." मग ती थांबली. "म्हणजे या १०३ संख्या नाहीतच. या हजेऱ्या आहेत!"

इतकी वर्षं शिकवूनही मला हा शब्द सुचला नव्हता. तेव्हापासून तो मी सगळ्यांना सांगते.

पुढचं तिनं स्वतः केलं. ज्यांची हजेरी दोनदा लागली त्यांची एक काढायची. ६ नं भाग जाणाऱ्या १६, १० नं १०, १५ नं ६, मिळून ३२ वजा. मी विचारलं, "आता १२ चं काय झालं?" दोनातून एक गेली, एक उरली. "आणि ३०?" तिनं बोटांवर मोजलं: तीनदा आली होती, तिन्ही जोड्यांत निघाली. "अहो मॅडम, ३० तर गायबच झाली!" म्हणून ३०, ६० आणि ९० या तिघींना परत एकेकदा घ्यायचं. १०३ − ३२ + ३ = ७४. कशानेच भाग न जाणाऱ्या उरल्या २६, संभाव्यता २६/१००.

अधिक-वजा लक्षात ठेवण्याची हीच माझी पद्धत: चिन्हं पाठ करू नका. सगळ्यांनी भाग जाणारी एक संख्या धरा आणि प्रत्येक पायरीनंतर तिच्या किती हजेऱ्या उरल्या ते विचारा. शेवटी एकच उरली पाहिजे. तीन मूळ संख्यांसाठी ३ − ३ + १, चारांसाठी ४ − ६ + ४ − १, दोन्हीकडे १. नेमकी एक उरली नाही, तर एखादी पायरी राहिली आहे किंवा चिन्ह उलटं पडलं आहे.

मैत्रिणीचा गुणाकारही आम्ही सोडला नाही. १/२ × २/३ × ४/५ = ४/१५, म्हणजे शंभरात २६.६७. तिचं तत्त्व खरं आहे, पण दर तीसच्या गटापुरतं. १ ते ३० मध्ये कशानेच भाग न जाणाऱ्या नेमक्या आठ आहेत: १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९. ९० पर्यंत अशा २४ होतात, आणि उरलेल्या दहा संख्यांत ९१ आणि ९७ या दोनच. मर्यादा ३० च्या पटीत असेल तर गुणाकार तंतोतंत. नसेल तर प्रत्येक भागाकारातला उरलेला तुकडा फरक पाडतो. तीन मूळ संख्यांना सातच भागाकार लागतात, म्हणून फरक किरकोळ राहिला. दहा मूळ संख्या घेतल्या तर १०२३ लागतात, आणि मर्यादा लहान असेल तर गुणाकारावर विसंबता येत नाही. परीक्षेत मर्यादा दिली असेल तर मोजूनच उत्तर लिहावं. गुणाकार पडताळ्याला ठेवावा: तुमचं उत्तर ३५ आलं आणि गुणाकार २६.६७ सांगत असेल, तर कुठेतरी हजेरी चुकली आहे.

शेवटच्या भेटीला ती ७ ही चौथी मूळ संख्या घेऊन आली. ११७ − ४५ + ६ − ० = ७८, उरल्या २२. त्या बावीसही तिनं समासात लिहिल्या होत्या: १, ११, १३, १७ पासून ९७ पर्यंत.

"मॅडम, १ सोडली तर या सगळ्या मूळ संख्याच आहेत. हे १२० पर्यंत चालेल. १२१ ला मोडेल, ११ गुणिले ११."

मी तिला हे विचारलंच नव्हतं.